चेंबरचं काम थांबवताना : हिशोब आणि आभार

सावदा, 12 मार्च 2026

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

परवा भुसावळला उभ्याउभ्या बोलणं झालं, पण हिशोबाच्या गोष्टी उभ्याने होत नाहीत, म्हणून लिहितो. एप्रिलपासून आमचा माल तुमच्या चेंबरला येणार नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही आता आखाताच्या मालाकडे वळलो. तेरा किलोच्या खोक्यात भरलेली हिरवी केळी तेरा-चौदा अंशांच्या कंटेनरमधून थेट बंदरावर जाणार, ती इथे पिकवायचा प्रश्नच येत नाही. बाजारात कोणी "दोघांचं फाटलं" असं म्हणालं, तर हे पत्र बेलाशक दाखवा.

2018 पासून आपल्यात कागद नव्हता. माल आमचा, चेंबर तुमचं, आणि क्रेट ज्याचे हाती लागतील त्याचे. 2020 च्या एप्रिलमध्ये गाड्या बंद, व्यापारी फोन उचलत नव्हते, शेतात घड पिवळे पडायला लागले होते. तेव्हा तुम्ही भाड्याचं नंतर बघू म्हणत चेंबर उघडलं आणि गावोगावी हातगाडीवर माल विकायला तुमचीच पोरं दिली. त्या महिन्यात आमच्या शेतकऱ्यांच्या हाती जे काही पडलं ते तुमच्यामुळे. हे आभार एका ओळीत मावणारे नाहीत, तरी मानतो.

आता येणं-देणं.

शेवटच्या तीन लॉटच्या पिकवणीचे 86,400 रुपये आमच्याकडे निघतात. फळं पिकवण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, तेव्हा साधं बिल पाठवा, मात्र तारीख 31 मार्चच्या आतली हवी. आमचे मुनीमजी त्याबाबतीत फार कडक आहेत.

जानेवारीच्या त्या गाडीचं तुम्ही अजून मनात धरून आहात, असं वाटलं. रंग राखाडी आला, फण्या निस्तेज दिसल्या, व्यापाऱ्याने भाव पाडला. पण त्याच आठवड्यात तापीकाठच्या बागांना चरका लागला होता, आणि त्या शेतातला जो माल दुसऱ्या चेंबरला गेला तोही तसाच निघाला. थंडीने साल आतून मारली, की सोळा अंश ठेवा नाहीतर अठरा, रंग उजळत नाही. म्हणून त्या गाडीची कपात आम्ही मागत नाही आणि तुम्हीही बिलात सूट देऊ नका.

जनरेटर तुमच्याकडेच राहू द्या. तुमच्या जागेत बसवलेला, बिलही तुमच्या नावावर. 2022 मध्ये निम्मे पैसे आम्ही घातले होते. आज मेकॅनिकने त्याची किंमत 2,20,000 धरली, म्हणजे आमचा वाटा 1,10,000. ही किंमत जास्त वाटली तर तुमचा माणूस बोलवा, तो म्हणेल ती मान्य.

कापणीच्या टोळीची उचल दोघांनी मिळून 60,000 दिली होती. त्यातले 24,000 फिटले, 36,000 बाकी. टोळी आमच्याकडेच राहते, त्यामुळे बाकीत तुमचे 18,000 आम्ही देणं लागतो. मुकादमाला तुमच्याकडून कोणी पैशांसाठी फोन करू नये, एवढी विनंती. तो आधीच दोन मालकांत गोंधळतो.

म्हणजे आमच्याकडून 1,04,400, तुमच्याकडून 1,10,000. फरक 5,600 आम्हाला येतो. तो आम्हाला पाठवू नका, आखाजीला चेंबरवरच्या पोरांना वाटून द्या. सालदाराचं साल तेव्हाच फिरतं, आपलंही तेव्हा फिरू दे.

क्रेटचा मात्र पैशात हिशोब नको. तुमच्या आवारात आमचे निळे 640 मोजले गेले, आमच्याकडे तुमचे लाल 215 आहेत. फुटके-तुटके ज्याच्या आवारात सापडले त्याचे, नाहीतर एकेका कडीवरून वाद घालत आखाजी उलटेल.

इंदूरच्या व्यापाऱ्याकडे आपल्या दोघांच्या मालाचे 1,42,000 अडकलेत. ते बुडीत धरायची माझी तयारी नाही. मी दर महिन्याला फोन करीन, तुम्हीही करा. ज्याच्या हाती जेवढे येतील त्यातले निम्मे आठवड्यात दुसऱ्याला, मग ते दहा हजार का असेनात.

ज्या शेतकऱ्यांना स्थानिक बाजारासाठी माल पिकवायचा आहे, त्यांना तुमचा नंबर दिला आहे. त्यांच्याकडून आम्हाला काही नको. जुना व्हॉट्सअॅप ग्रुप इंदूरची वसुली होईपर्यंत राहू द्या, त्यात गाड्यांच्या जुन्या वजनपावत्या आहेत.

येत्या रविवारी सकाळी गाडी पाठवतो, लाल क्रेट त्यातच येतील. निळे बाहेर काढून ठेवले तर ड्रायव्हर दुपारच्या आत मोकळा होईल. खातेउतारा तपासून, काही चुकलं असेल तर खूण करून, सही करून त्याच्याच हाती द्या.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
किशोर