नेफ्रॉनमध्ये मूत्र कसे तयार होते: बारावीच्या उजळणीसाठी

मूत्रपिंड रक्तातली घाण वेचून काढते, ही समजूत आधी मनातून काढा. कपाट आवरताना आपण सगळे बाहेर काढतो आणि हवे तेच परत ठेवतो, तशी नेफ्रॉनची पद्धत आहे. प्रत्येक मूत्रपिंडात असे सुमारे 10 लाख नेफ्रॉन असतात.

टप्पा 1 : गाळणे

ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी धमनिका रुंद आणि नेणारी अरुंद असते. त्यामुळे केशिकांत रक्ताचा दाब वाढतो, साधारण 55 मिमी पारा. त्याला प्लाझ्मातील प्रथिनांचा 30 आणि बोमन संपुटातील द्रवाचा 15 मिमी दाब विरोध करतो. गाळायला उरतो फक्त 10. ही वजाबाकी पाठ नको, समजून करा. पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया गाळले जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने रक्तातच राहतात. मिनिटाला 125 मिली, म्हणजे दिवसाला 180 लिटर गाळीव द्रव! मूत्र मात्र दीड लिटरच होते. बाकीचे कुठे जाते, हे पुढच्या टप्प्यांत कळते.

टप्पा 2 : परत घेणे

पीसीटीच्या पेशींना सूक्ष्मांकुर असल्याने शोषणाचे क्षेत्रफळ खूप मोठे असते. जवळपास सगळे ग्लुकोज आणि अमिनो आम्ले, तसेच सुमारे दोन तृतीयांश सोडियम व पाणी इथेच रक्तात परतते. सोडियम सक्रिय वहनाने जाते आणि पाणी परासरणाने त्याच्या मागे. रक्तातले ग्लुकोज सुमारे 180 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर गेले की वाहक प्रथिने अपुरी पडतात आणि ते मूत्रात उतरते.

हेन्लेच्या पाशाशी विद्यार्थी हमखास अडखळतात, म्हणून सावकाश वाचा. उतरती भुजा पाण्याला वाट देते, क्षारांना जवळपास नाही. त्यामुळे द्रव 300 पासून 1200 मिलिऑस्मोल प्रति लिटरपर्यंत घट्ट होत जातो. चढती भुजा नेमकी उलट: पाण्याला बंद आणि क्षार बाहेर टाकणारी. द्रव पुन्हा पातळ होतो, पण बाहेर पडलेल्या क्षारांमुळे मध्यांग खारट राहतो. या दोन भुजांतला प्रवाह विरुद्ध दिशांचा असल्यानेच हा फरक वाढत जातो. खारटपणा टिकवण्यात युरियाचाही वाटा असतो.

टप्पा 3 : स्रवण

डीसीटीत हायड्रोजन व पोटॅशियम आयन रक्तातून नलिकेत सोडले जातात. रक्ताचा सामू यामुळे सांभाळला जातो. अल्डोस्टेरॉन इथे सोडियम राखते.

शेवटचा हिशेब : संग्राहक नलिका

ही नलिका त्याच खारट मध्यांगातून खाली उतरते. शरीरात पाणी कमी असेल तर एडीएच स्रवते, नलिकेची भिंत पाण्याला मोकळी होते आणि पाणी बाहेर ओढले जाते. मूत्र थोडे आणि गडद होते. भरपूर पाणी प्यायल्यावर एडीएच घटते, मूत्र पातळ आणि जास्त होते. एडीएच मुळीच स्रवले नाही, तर मूत्रात साखर नसतानाही रोग्याला सतत लघवी होते. हा डायबेटिस इन्सिपिडस. मधुमेहाशी त्याची गल्लत करू नका.