नोंदपत्र: कार्बाइडवर चालणारी सायकलची बत्ती

नोंद क्रमांक: २०२४/०३७
विभाग: प्रकाशसाधने, कपाट ३
प्राप्ती: देणगी, एका माजी विद्यार्थिनीकडून (नाव प्रसिद्ध न करण्याची त्यांची विनंती आहे)
साहित्य: निकेलचा मुलामा दिलेले पितळ, काच, लोखंडी स्प्रिंग, रबर
मापे: उंची १६ सेंमी, भिंगाचा व्यास ७ सेंमी, वजन ६१० ग्रॅम

देणगीपत्रात या वस्तूचा उल्लेख ‘घासलेटचा लहान कंदील’ असा आहे आणि प्रथमदर्शनी कोणाचाही तसाच समज व्हावा, असे तिचे रूप आहे. मात्र आत वात नाही, वात वरखाली करण्याची चावी नाही आणि घासलेटच्या दिव्यात हमखास साचणारी दाट काजळीही नाही. त्याऐवजी एकावर एक बसणाऱ्या दोन डब्या आहेत. वरच्या डबीच्या तळाशी बारीक छिद्र असून ते कमीजास्त उघडणारा स्क्रू माथ्यावर आहे. खालची डबी फिरवून सुटी होते आणि तिच्या आतल्या बाजूस पांढरा, टणक थर चिकटलेला आहे. या रचनेवरून ही कॅल्शियम कार्बाइडवर चालणारी, म्हणजे ॲसिटिलीन वायूची बत्ती असावी, असे आम्ही ठरवले आहे. बोलीत ‘गॅसबत्ती’ म्हटले की जाळीचे मँटल असलेला, पंप मारून पेटवायचा घासलेटचा दिवा डोळ्यांसमोर येतो. तो दिवा वेगळा, म्हणून या कार्डावर तो शब्द वापरलेला नाही.

खालच्या डबीत कार्बाइडचे खडे आणि वरच्या डबीत पाणी भरत असत. स्क्रू सैल केला की पाणी थेंबथेंब खड्यांवर पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू तयार होई आणि नळीवाटे भिंगामागच्या बर्नरपर्यंत पोहोचे, तर डबीत विरलेला चुना उरे. बर्नरला समोरासमोर रोखलेली दोन सूक्ष्म छिद्रे आहेत. त्यांतून येणारे वायूचे दोन झोत एकमेकांवर आदळून पंख्यासारखी चपटी ज्योत बनते, आणि मागचा अंतर्वक्र आरसा व पुढचे बहिर्वक्र भिंग तिचा उजेड रस्त्यावर टाकतात. ज्योत पांढरी आणि घासलेटच्या वातीपेक्षा बरीच प्रखर असे. गैरसोय अशी की पाणी बंद केले तरी भिजलेले खडे काही वेळ वायू सोडतच राहत, त्यामुळे बत्ती हुकमी विझत नसे.

पांढऱ्या थराचा चिमूटभर चुरा प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला असता बुडबुडे आले. विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कालांतराने कॅल्शियम कार्बोनेट बनतो, त्याच्याशी हे जुळते. अर्थात खडूचा चुराही असाच फसफसतो, म्हणून ही चाचणी केवळ पूरक पुरावा मानावी.

अशा बत्त्या खाणकामगारांच्या टोपीवर आणि सुरुवातीच्या मोटारगाड्यांवरही असत. ही बत्ती सायकलचीच म्हणण्याला दोन आधार आहेत. मागे हँडलजवळच्या आकड्यात अडकवायची खाच असून ती स्प्रिंगांच्या जोडीवर तोललेली आहे, म्हणजे रस्त्यावरचे हादरे ज्योतीपर्यंत कमी पोहोचावेत. शिवाय चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवी अशी दोन छोटी काचेची बुबुळे बसवलेली आहेत. जहाजांच्या दिव्यांतही रंगांचा हाच क्रम असतो.

काळ ठरवणे अधिक कठीण, कारण बनवणाऱ्याचा ठसा कोठेही नाही. विजेच्या भट्टीत कार्बाइड स्वस्तात बनवण्याची पद्धत १८९२ मध्ये टॉमस विल्सन यांच्या हाती लागली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलसाठी अशा बत्त्या निघाल्या. त्यामुळे वस्तू त्याआधीची असू शकत नाही. दुसरीकडे, मुलामा निकेलचा, किंचित पिवळसर झाकेचा आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून क्रोमियमचा निळसर, लखलखीत मुलामा रुळू लागला आणि त्याच सुमारास डायनॅमो व बॅटरीच्या दिव्यांनी कार्बाइडला मागे सारले. म्हणून अंदाजे १९०५ ते १९३० असा काळ नोंदवला आहे. मुलाम्याचा पुरावा एकटा निर्णायक नसल्याने ‘अंदाजे’ हा शब्द गाळू नये.

सद्यःस्थिती: हिरव्या काचेला तडा आहे आणि दोन डब्यांमधील रबरी चकती वाळून चिरलेली आहे. डावी बाजू देणगीपूर्वी पितळेच्या पॉलिशने घासली गेल्यामुळे तेथील मुलामा उडाला आहे. हेतू चांगला होता, पण कालनिश्चितीचा निम्मा पुरावा त्यात गेला. प्रात्यक्षिकासाठीही बत्तीत कार्बाइड भरू नये, कारण सांधे आता वायू रोखत नाहीत आणि हवेत मिसळलेले ॲसिटिलीन फार थोड्या प्रमाणातही स्फोटक ठरते. खालच्या डबीतील पांढरा थर धुऊ अथवा खरवडू नये.