भुरक्या आणि पाणवठ्याची फट

पाच ते आठ वर्षांच्या पोरांसाठी. मोठ्यानं वाचली की सात-आठ मिनिटं लागतात. गोष्टीतून पोरांना एकच कळायला पाहिजे, चूक झाली की लगेच सांगायची, लपवायची नाही. जागा आपल्या नान्नजच्या माळावरची आहे, त्यामुळं चित्रात हिरवंगार जंगल, उंच झाडं, धबधबा असलं काही आणायचं नाही. पिवळं वाळलेलं गवत, मधूनच एखादी बाभूळ, लांबवर सपाट आभाळ, बस.

आधी पात्रं. चित्रं आपण एआय टूलकडून काढून घेणार, त्यामुळं हे वर्णन प्रत्येक चित्राच्या वेळी टूलमध्ये जसंच्या तसं टाकायचं, एक शब्द बदलला तरी दुसऱ्या चित्रात वेगळंच जनावर येतंय.

भुरक्या: खोकडाचं पिल्लू, अंग राखाडी-भुरकट, पाय बारीक आणि फिकट तपकिरी, कान तोंडाच्या मानानं मोठे, शेपटी झुपकेदार आणि तिचं टोक काळं, डोळे गोल, तपकिरी. केशरी रंग अजिबात नको. हे मुद्दाम लिहायला लागतंय कारण टूलला कोल्हा म्हटलं की परदेशातला लालभडक कोल्हा काढतंय, आणि आपल्या माळावरचं खोकड तसं नसतं.

घोरपड मावशी: लांब अंग, राखाडी-मातकट, खवले बारीक, मान लांब, जीभ दोन टोकांची, नखं मजबूत, चेहरा शांत. मगर नाही, ड्रॅगन नाही, पाठीवर काटे नाहीत.

टिटीताई: टिटवी, डोकं आणि छाती काळी, डोळ्यामागून मानेवर पांढरा पट्टा, डोळ्यापुढं लाल कातडी, चोच लाल आणि टोकाला काळी, पाठ तपकिरी, पाय लांब आणि पिवळे.

काळूआज्जा: काळवीट नर, वरून गडद काळपट, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ, शिंगं लांब आणि पीळ दिलेली.

ढोकआज्जी: माळढोक, पाठ तपकिरी, मान पांढरट आणि लांब, डोक्यावर काळी टोपी, पाय लांब आणि उघडे, उंची काळूआज्जाच्या खांद्याएवढी. हिचं शहामृग होऊ द्यायचं नाही, मोर पण नाही. माळढोक आता इतके कमी उरलेत की आपल्या सोलापूरच्या पोरांनी सुद्धा तो कधी बघितलेला नाही, निदान चित्रात तरी त्यांना खरा दिसू दे.

सगळ्यांच्या अंगावर कपडे, चष्मा, टोपी काही नको. रंग सपाट, कडा जाड, डोळे मोठे. आता गोष्ट.

(चित्र: संध्याकाळ, माळ, मधोमध सिमेंटचा गोल उथळ पाणवठा, मोठ्या बशीसारखा, कडेला भुरक्या)

मे महिना होता. सोलापूरचा मे म्हणजे काय सांगायचं, दुपारी दगडावर पाय ठेवला की चटका बसायचा. ओढा आटला होता, डबकी आटली होती, अख्ख्या माळावर पाणी होतं ते एकाच ठिकाणी, त्या सिमेंटच्या पाणवठ्यात. दर शुक्रवारी घर्रर्र करत टँकर यायचा, पाणवठा भरून जायचा, आणि मग ते पाणी सगळ्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरवायचं. पाणवठ्याचा एकच नियम होता, इथं भांडायचं नाही, इथं कुणी कुणाला घाबरायचं नाही.

तो सोमवार होता. भुरक्या पाणी प्यायला आला, प्याला, आणि तेवढ्यात त्याला कडेच्या खाली एक चकचकीत काळा किडा शिरताना दिसला.

"थांब की बे! कुठं पळालास?" म्हणत भुरक्या उकरायला लागला. खरखर, खरखर. माती उडाली, खड्डा झाला, किडा अजून आत, म्हणून भुरक्या अजून आत, आणि एकदम कट्ट असा आवाज आला.

कडेचा एक तुकडा खाली बसला होता. सिमेंटला बोटभर फट पडली होती. आणि त्या फटीतून पाणी थेंब थेंब, मग बारीक धार होऊन मातीत जायला लागलं.

भुरक्याचे कान खाली गेले. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"मी सांगितलं तर सगळे रागावतील," तो मनात म्हणाला. "आणि एवढीशी तर फट आहे." त्यानं पायानं थोडी सुकी माती फटीवर लोटली, ती माती धारेबरोबर लगेच वाहून गेली, आणि भुरक्या बिळात जाऊन शेपटी नाकावर घेऊन पडला. झोप काय आली नाही. रात्रभर त्याला वाटत होतं की ते थेंब त्याच्या कानातच पडायलेत.

(चित्र: सकाळ, पाणवठा अर्धा रिकामा, ओल्या सिमेंटवर कालच्या पाण्याची रेघ दिसतीय, सगळे गोळा झालेत)

सकाळी टिटीताईनं माळ डोक्यावर घेतला. "टिटिव टिव! टिटिव टिव! पाणी गेलं! अर्धं पाणी गेलं!"

काळूआज्जा धावत आला, मागून त्याचा अख्खा कळप. ससे आले, तितर आले, होले आले. आणि लांबून, एकेक पाऊल मोजत, ढोकआज्जी आली.

टिटीताई फटीपाशी गेली, मान वाकडी करून तिनं बघितलं. "हे बघा, नखांचे ओरखडे! एवढं कोण उकरतं माळावर? घोरपड मावशी! तीच!"

"मी नाही गं," घोरपड मावशी म्हणाली. "मी काल दुपारी आले होते, पाणी पिऊन गेले, संध्याकाळी तर मी बिळात होते."

"नखं कुणाची मोठी आहेत? तुझीच की!"

सगळे कुजबुजायला लागले. मावशीनं परत एकदा सांगितलं, पण ती बोलती हळू आणि टिटीताई ओरडती मोठ्यानं, मग ऐकणार कोण? शेवटी काळूआज्जानंच सांगितलं की शुक्रवारपर्यंत मावशीनं पाणवठ्यावर यायचं नाही. मावशीनं काही भांडण केलं नाही. ती वळली आणि उन्हातून चालायला लागली, मातीवर तिच्या शेपटीची लांब नागमोडी रेघ उमटत गेली.

भुरक्या सगळ्यात मागं उभा होता. त्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता.

(चित्र: भर दुपार, भेगाळलेलं कोरडं डबकं, घोरपड मावशी त्यात वाकलेली, बाभळीमागून भुरक्या बघतोय)

दुपारी तो मावशीच्या मागं मागं गेला, लपत लपत. मावशी त्या ओढ्याजवळच्या डबक्यापाशी थांबली. डबक्यात पाणी कुठलं, नुसती भेगा पडलेली माती. मावशीनं जीभ बाहेर काढली, एका भेगेत घातली, आत घेतली. परत काढली, दुसऱ्या भेगेत घातली. जीभ कोरडीच बाहेर आली.

भुरक्याला ते बघवेना. तो तिथूनच पळत सुटला, काट्यातून, कुसळातून, पाय भाजले तरी थांबला नाही, आणि पाणवठ्यापाशी येऊन जोरात ओरडला,

"मावशीनं नाही केलं! मी केलं! मी किड्यासाठी उकरलं आणि कड तुटली!"

सगळे गप्प. होल्यांची घूघू पण थांबली. भुरक्यानं डोळे गच्च मिटले, आता ओरडा बसणार, आता हाकलणार.

पण ढोकआज्जीनं एवढंच विचारलं, "कधी तुटली रे बाळा?"

"काल. संध्याकाळी."

आज्जीनं आपली लांब मान वाकवली आणि चोचीनं सिमेंटवरची रेघ दाखवली. "इथपर्यंत होतं ना पाणी, काल तुटली तेव्हा?" मग तिनं खालचं पाणी दाखवलं. "आणि आता इथं आहे. कड तुटली ही चूक झाली, ती कुणाकडून पण होती. पण काल संध्याकाळीच ओरडला असतास तर हे एवढं मधलं पाणी वाचलं असतं. चूक झाली की लगेच सांगायचं बाळा, म्हणजे ती तेवढीच राहती."

भुरक्यानं ती रेघ बघितली, पाणी बघितलं, परत रेघ बघितली. (इथं वाचताना थोडं थांबायचं, पोरांना त्या दोन्ही रेघा चित्रात बोटानं दाखवू द्यायच्या.)

"मला माफ करा," तो म्हणाला. मग एकदम म्हणाला, "मावशीला आधी बोलवा! तिला तहान लागलीय!"

टिटीताई तोपर्यंत उडाली पण होती. मावशीपाशी जाऊन तिनं पंख मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली, "मावशी, मी डोळ्यानं बघितलं नव्हतं तरी तुझं नाव घेतलं. चुकलं माझं."

"चल," मावशी म्हणाली, "आधी पाणी पिऊ दे."

(चित्र: सगळे मिळून काम करतायत, घोरपड नखांनी माती उकरतीय, भुरक्याच्या तोंडात मातीचा गोळा, काळूआज्जा खुरांनी दाबतोय)

पाणी पिऊन झाल्यावर मावशीनंच उपाय काढला. ओढ्याच्या काठाला काळी माती होती, आपली रानातली असती ना, पावसात चपलेला चिकटून चप्पल जड करणारी, तीच. ती ओली झाली की फुगती आणि फट बुजवून टाकती, फक्त सुकू द्यायची नाही, सुकली की तिलाच भेगा पडतात. मावशीनं त्या मजबूत नखांनी ढेकळं उकरली. भुरक्यानं एकेक ढेकूळ तोंडात धरून आणलं, वीस खेपा झाल्या का पंचवीस त्यालाच ठाऊक, दातात माती, नाकात माती. ढेकळं पाण्यात भिजवून फटीत भरली, आणि काळूआज्जानं खुरांनी दाब दाब दाबली.

धार बारीक झाली. मग थेंब झाले. मग एक थेंब लोंबकळला, लोंबकळला, आणि पडलाच नाही.

"राहिलं!" ससे ओरडले.

पाणी कमी होतं, म्हणून शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी थोडं थोडं पिलं. भुरक्या रोज सकाळ-संध्याकाळ येऊन फटीवरची माती ओली करून जायचा, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आणि शुक्रवारी लांबून घर्रर्र आवाज आला तेव्हा सगळ्यात आधी कान त्याचेच उभे राहिले.

(चित्र: संध्याकाळ, पाणवठा भरलेला, भुरक्या आणि घोरपड मावशी शेजारी शेजारी पाणी पितायत, पाण्यात दोघांचं प्रतिबिंब)

दोन दिवसांनी टिटीताई आपल्या अंड्यांवर बसली होती. तिचं घरटं म्हणजे काय, उघड्या जमिनीवर थोडे खडे आणि मधी चार ठिपक्याठिपक्यांची अंडी, अंडं कुठलं आणि खडा कुठला ओळखू येत नाही. भुरक्या शेजारनं चालला होता, त्याच्या पायाला काहीतरी लागलं आणि गडगडत गेलं.

तो जागच्या जागी थांबला.

"टिटीताई! मी केलं! माझ्या पायानं काहीतरी हललं, लवकर बघ, मी केलं!"

टिटीताई दचकून उठली, पोटाखाली बघितलं, एक, दोन, तीन, चार. मग त्या गडगडलेल्या गोष्टीपाशी जाऊन चोचीनं टोचून बघितलं.

"अरे हा खडा आहे," ती म्हणाली. "आण इकडं, लाव परत जागेवर."

भुरक्यानं तो खडा तोंडात अलगद धरला, अंडं असल्यासारखा, आणि जागेवर नेऊन ठेवला.