वादळाचा इशारा आल्यावर काय करायचं: बडोदा कार्यालय आणि ऊना किनाऱ्यावरचा रिसॉर्ट, दोघांसाठी कार्यपद्धती

1 मे 2025 पासून लागू. एक प्रत दांडिया बाजारच्या कार्यालयात बुकिंगच्या टेबलावर, एक रिसॉर्टच्या रिसेप्शनला आणि एक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जनरेटरच्या खोलीत लावायची. मोबाइलवरची प्रत मोजायची नाही. ज्या दिवशी हा कागद लागेल, त्या दिवशी मोबाइल बंद असण्याचीच शक्यता जास्त.

अरबी समुद्रात वादळाचे दोन मोसम असतात: मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपली बडोद्याची मंडळी उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत नेमकी तेव्हाच दीव-ऊन्याकडे निघतात. म्हणजे वादळ येईल तेव्हा रिसॉर्ट रिकामा नसणार, हे धरूनच चालायचं.

कोण ठरवणार

पाहुण्यांशी बोलणं बडोद्याचं, हातांचं काम किनाऱ्याचं. तौक्तेच्या वेळी, 17 मे 2021 च्या रात्री, वादळ दीव-ऊन्याच्या मधेच जमिनीवर आलं. टॉवर पडले, वीज गेली आणि आजूबाजूच्या कित्येक गावांत ती यायला आठवडे लागले. रिसॉर्टवरच्या माणसानं पाहुण्यांच्या नातेवाइकांचे फोन घ्यायचे की पत्रा बांधायचा? म्हणून इशारा आल्यापासून एकही निरोप रिसॉर्टवरून जाणार नाही. नातेवाइकांना एकच नंबर द्यायचा, बडोदा कार्यालयाचा.

हवामान खात्याचे टप्पे चार. सुमारे 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी पिवळा इशारा, 24 तास आधी नारिंगी आणि 12 तास आधी लाल. mausam.imd.gov.in वरचं बुलेटिन दर तीन तासांनी पाहायचं आणि फळ्यावर वेळ टाकून लिहायचं. टीव्हीवरचं आणि व्हॉट्सॲपवर फिरत आलेलं काहीही फळ्यावर चढणार नाही.

पिवळा इशारा आपल्या जिल्ह्याला लागला की पाहुणे परत पाठवायचे. यावर चर्चा नाही. 2019 च्या जूनमध्ये वायू वेरावळवर येणार म्हणता म्हणता समुद्रातच वळलं, आणि लवकर परतलेली मंडळी महिनाभर "उगाच पळवलंत" म्हणत होती. म्हणू देत. तौक्ते वळलं नाही. जिल्हा प्रशासनानं किनारा रिकामा करायला सांगितलं, तर रिसॉर्ट त्याच तासाला बंद. तिथे आपला अंदाज आणि आपला अनुभव बाजूला ठेवायचा.

पाहुण्यांना निरोप

निरोप मराठीत आणि गुजरातीत, दोन्ही एकाच वेळी. आधी व्हॉट्सॲप, आणि अर्ध्या तासात प्रत्येक खोलीत माणूस जाऊन तोंडी सांगेल. सत्तरीच्या आजोबांनी निळी खूण दाखवली म्हणजे त्यांनी वाचलं, असं समजू नका. फोन बहुतेक नातवाच्या हातात असतो.

पूर्वसूचना आली की:

"नमस्कार. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे. आज धोका नाही, पण आजपासून समुद्रात उतरू नये आणि दीवच्या किल्ल्याकडे गेलात तर अंधार पडायच्या आत परतावं. आपली रोजची औषधं किती दिवसांची आहेत, एवढं आज संध्याकाळपर्यंत रिसेप्शनला सांगावं. पुढचा निरोप रात्री 8 वाजता येईल, नवीन काही नसलं तरी येईल."

शेवटचं वाक्य काढू नका. निरोप ठरल्या वेळी आला की माणसं शांत असतात. तो आला नाही की दर दहा मिनिटांनी रिसेप्शनला येतात.

पिवळा इशारा आला की:

"नमस्कार. हवामान खात्यानं आपल्या किनाऱ्याला वादळाचा पिवळा इशारा दिला आहे. आपण सर्वांनी उद्या सकाळी परत निघावं, ही विनंती. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सकाळी 7 वाजता बडोद्यासाठी बस सुटेल. भाडं आम्ही देऊ. न राहिलेल्या रात्रींचे पैसे पूर्ण परत मिळतील किंवा वर्षभरात दुसरी तारीख घेता येईल. बरोबर थेपले आणि पाणी दिलं जाईल. आपण बडोद्याला पोहोचलात की या क्रमांकावर फक्त 'पोचलो' एवढं लिहावं."

पैशाचं वाक्य परत निघण्याच्या पहिल्याच निरोपात हवं. माणूस निघत नाही तो बऱ्याचदा पैसे बुडतील म्हणून निघत नाही, धाडसानं नव्हे.

लाल इशाऱ्यात जे राहिले असतील त्यांच्या घरी, बडोद्याहून:

"आपले आई-बाबा मुख्य इमारतीत पहिल्या मजल्यावर आहेत. जेवण, पाणी, औषधं आहेत. आज रात्रीनंतर त्यांचा फोन कदाचित लागणार नाही. टॉवर बंद पडणं हे वादळात नेहमीचं आहे. आमच्याकडे बातमी आली की लगेच कळवू."

"काळजी करू नका" असं लिहायचं नाही. ते वाचून कुणाची काळजी गेलेली नाही.

रिसॉर्टशी संपर्क तुटून 12 तास झाले, तर बडोद्यानं पाहुण्यांची नावनिशीवार यादी घेऊन गीर सोमनाथच्या आपत्ती कक्षाला फोन करायचा. इथे एक घोळ होतो: बडोद्याहून नुसतं 1077 फिरवलं तर बडोदा जिल्ह्याचाच कक्ष लागतो. 1077 च्या आधी वेरावळचा 02876 लावायचा.

कोठार

हिशेब 60 माणसांचा, चार दिवसांचा. पाहुणे गेले तरी आकडा कमी करायचा नाही. वादळानंतर वाडीतली माणसं आपल्या दारात येतात आणि त्यांना परत पाठवायचं नाही, हा मालकांचा शब्द आहे.

तांदूळ 50 किलो, मूगडाळ 25, कणीक 40, पोहे 15, बटाटे 60, कांदे 40, तेलाचे दोन डबे, दूध पावडर 6 किलो. पिण्याचं पाणी माणशी रोज 4 लिटर, म्हणजे 960 लिटर. 20 लिटरचे 48 जार. व्यापारी गॅसची सहा सिलिंडरं, त्यातली चार भिंतीला साखळीनं बांधलेली. सुखडी, खाखरे आणि शेंगदाणे वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, कारण भर वादळात चूल पेटवायची नाही आणि त्या रात्री हेच जेवण. जैन पाहुण्यांसाठी कच्ची केळी आणि मूग वेगळे. साबुदाणा पाच किलो ठेवा; वादळ आहे म्हणून एकादशी पुढे जात नाही, आणि आपल्या काकू तर वादळातच जास्त कडक पाळतात.

महाराजांसाठी क्रम: पिवळा इशारा आला की मासळी आणि पनीर आधी संपवा. पूर्ण भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता जवळजवळ 48 तास टिकतो, साधा फ्रिज चारच तास. फ्रीझरमध्ये एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. नाणं वर असेल तर माल चांगला. नाणं तळाला गेलं असेल तर आतलं सगळं एकदा वितळून पुन्हा गोठलंय. ते फेकायचं, वास घेऊन बघायचं नाही.

वीज

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

आपला जनरेटर निम्म्या भारावर तासाला साडेआठ लिटर डिझेल खातो. टाकीत 100 आणि दोन पिंपांत 400, मिळून 500 लिटर. चोवीस तास चालवला तर अडीच दिवसांत आटोपला. म्हणून तो रोज नऊच तास चालेल: पहाटे 5 ते 8 पाण्याचा पंप आणि स्वयंपाक, दुपारी 1 ते 3 फ्रीझर आणि चार्जिंग, संध्याकाळी 7 ते 11 दिवे-पंखे. असे साडेसहा दिवस निघतात. एसी कुणालाही नाही, कितीही ओळखीचा असला तरी. पिंपं पूर्वसूचनेलाच भरायची. पिवळ्या इशाऱ्याला ऊन्याच्या पंपांवर रांग लागते आणि वीज गेल्यावर पंपच चालत नाही.

जनरेटर सुरू करण्याआधी चेंजओव्हर स्विच मुख्य लाइनवरून पूर्ण काढून जनरेटरवर टाकायचा. हे राहिलं, तर आपला करंट उलटा लाइनमध्ये जातो आणि बाहेर खांबावर चढलेला वायरमन मरतो. स्विच टाकणारा एक आणि पाहणारा दुसरा, दोघांची सही वहीत. जनरेटरच्या खोलीचं दार आणि झरोके उघडे. पावसाची झड येते म्हणून दार लावून घेतलं, तर धूर वरच्या मजल्यावर चढेल.

छतावरच्या पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरा. प्यायला नव्हे, वापरायला. आणि भरलेली टाकी उडत नाही. पोहण्याचा तलाव रिकामा करायचा नाही, संडासात टाकायला तेच पाणी. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्टीच्या फुल्या मारण्यात वेळ घालवू नका, त्यानं काच वाचत नाही. प्लायवूडचे तुकडे मापानं कापून गोदामात क्रमांक घालून ठेवले आहेत, ते लावा.

एक गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगा: डोळा डोक्यावरून गेला, तर वारा एकदम थांबेल, चांदणंही दिसेल. कुणी बाहेर जायचं नाही. थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं येतो, आणि पहिल्या वाऱ्यानं खिळखिळी झालेली झाडं तेव्हा पडतात.

उशिरा निघणं

लाल इशाऱ्यानंतर, किंवा वारा ताशी 60 किलोमीटरच्या वर गेल्यावर, आपली कोणतीही गाडी निघणार नाही. महुवा-भावनगर मार्गे बडोदा आठ-नऊ तासांचा रस्ता आहे आणि त्यातला बराचसा किनाऱ्याला लागून जातो. तुळशीश्याममार्गे धारीकडे निघू असं सुचवणारा कुणीतरी असतोच. तो रस्ता गीरच्या जंगलातून जातो. एक झाड पुढे पडलं आणि एक मागे, की गाडी तिथेच. कुणी स्वतःच्या गाडीनं हट्टानं निघालाच, तर अडवायचं नाही, पण वेळ, गाडीचा क्रमांक आणि माणसं वहीत लिहून बडोद्याला कळवायचं.

इशाऱ्यामुळे अडकलेल्या पाहुण्याकडून खोलीचं भाडं घ्यायचं नाही. जेवणाचे माणशी रोज 300 रुपये, लहान मुलांचे काही नाही. कार्ड आणि यूपीआय बंद असणार. पैसे बडोद्याला पोहोचल्यावर दिले तरी चालतील, फक्त वहीत नोंद हवी. रेल्वेनं गाडी रद्द केली, तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, हे पाहुण्यांना सांगा, म्हणजे तिकीट रद्द करायला ते नेटवर्क शोधत गच्चीवर जाणार नाहीत. कामावर दाखवायला पत्र मागितलं, तर बडोदा कार्यालय त्याच दिवशी देईल, बुलेटिनची प्रत जोडून.

कामगारांबद्दल. जवळच्या गावातल्या माणसांना पिवळ्या इशाऱ्यालाच घरी सोडा, दोन दिवसांचा पगार हातात देऊन; त्यांचीही कौलं उडणार आहेत. थांबतील ते दहाजण, स्वखुशीनं, दुप्पट रोजानं. कोण थांबणार ते आत्ता, मे महिन्यातच विचारून ठेवा. वारा सुटल्यावर विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

पहिली परतीची गाडी सुटण्याआधी बडोद्याहून भावनगर आणि महुव्याला फोन करून रस्ता मोकळा असल्याची खात्री करायची. गाडीत करवत, दोरखंड आणि पाण्याचे दोन जार. आणि दीवला जाऊन आलेल्या पाहुण्यांच्या पिशव्यांत बाटली नाही ना, हे चालकानं निघण्याआधीच नम्रपणे विचारायचं. वादळ असो नसो, चेकपोस्ट उघडी असते.

व्यवस्थापक, बडोदा कार्यालय