आजीच्या पत्रांबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

आजीची जुनी पत्रं लावून तुम्ही उतरवून दिलीत, ते पाकीट सोमवारी मिळालं. जेवणं झाल्यावर सगळे माजघरात बसलो आणि धाकटीने मोठ्याने वाचायला घेतलं. बाबांचे डोळे आता अधू झालेत, त्यामुळे आईची पत्रं त्यांनी अशी सलग पहिल्यांदाच ऐकली.

मिरजेच्या मावशीआजीने जपलेली ही ३१ पत्रं आमच्याकडे आली तेव्हा शाई पार विटकरी झाली होती. घड्यांवरच्या ओळी तर गेल्यातच जमा होत्या. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्यानंतर आठवड्याने लिहिलेलं कार्ड तुम्ही लावलंत कसं, देव जाणे! ‘भांडी वाहून गेली, लोणच्याची बरणी तेवढी फळीवर तशीच’ हे वाचताना आत्या हसली आणि मग रडायलाच लागली.

एका पत्रात आम्ही वर्षानुवर्षं ‘साखर सोसत नाही’ असं वाचत होतो. आजीला मधुमेह होता, असंच धरून चाललो होतो. तुम्ही भिंग लावून दाखवलंत, तो ‘ख’ नाही, ‘स’ आहे. सासर! बाबा बराच वेळ गप्प होते.

आजीचं ‘पाणी’ तुम्ही ‘पानी’च ठेवलंत, आणि न लागलेल्या जागा अंदाजाने न भरता मोकळ्या सोडल्यात. ते फार आवडलं.

पैसे घेणार नाही म्हणालात. मग आजीच्या पद्धतीचं लिंबाचं लोणचं पाठवतोय. त्याला नाही म्हणू नका.

आपली,
आजीची थोरली नात आणि घरचे सगळे, पुणे