काकूंना, दिवाळीच्या आधी

डोंबिवली, १४ ऑक्टोबर २०२५

ती. काकूंस सा. न.

दार वाजवून बोलायलाच येणार होते. पण काल जिन्यात तुम्ही समोर आलात आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. म्हणून लिहिते आहे.

गौरी-गणपती झाले आणि काका गेले. अजून संध्याकाळी साडेसातला त्यांच्या चपलांचा आवाज येईल असं वाटतं. तुमचं काय होत असेल, ते मी काय सांगणार.

यंदा तुमच्याकडे सण नाही. सोसायटीतर्फे दरवर्षी प्रत्येक दाराला तोरण बांधतात. तुमच्या दाराशी थांबू नका, असं मी सांगून ठेवलं आहे. पोरांनाही फटाके खाली मैदानात उडवायला बजावलंय. तरी नेहमीच्या सवयीने कुणाचा शुभेच्छांचा मेसेज तुमच्या फोनवर येईल, त्याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. आणि दाराशी एखादी पणती लावावीशी वाटली तर जरूर लावा, कुणी काही म्हणणार नाही.

घरात कढई चढणार नाही, म्हणून थोडा चिवडा आणि बेसनाचे लाडू पाठवते. तुमच्या घशाखाली गोड उतरणार नाही, ठाऊक आहे. पण दादा दमून घरी येतो, ताईची मुलंही येतील. डबा रिकामाच परत द्या, काकू. चिमूटभर साखर घालायला म्हणूनसुद्धा उठू नका. खरं तर डबा तिथेच राहू दे, मीच येऊन नेईन.

एक गोष्ट विचारायची होती. काका दरवर्षी आमच्या ओमला समोर बसवून कंदील करायचे. बांबूच्या काड्या सुरीने तासायच्या, मग दोऱ्याची गाठ दोनदा मारायची, "एकदा मारली की सुटते रे." गेल्या वर्षीचा निळा घोटीव कागद उरला होता. ओमने रविवारी एकट्यानेच कंदील केला. एक बाजू कलली आहे, पण गाठी सगळ्या दोनदा मारल्यात. आम्ही तो गॅलरीत न लावता आत, देवघरापाशी टांगलाय. तुम्हाला बघावासा वाटला तर तो घेऊन येईल. नको वाटलं तर तसं सांगा, त्याची समजूत मी घालेन.

पाडव्याचा दिवस तुम्हाला फार जड जाईल. त्या दिवशी घरोघरी ओवाळणी चालते, आवाज भिंतीतून येतात. सकाळची आमची कामं आटोपली की दहाच्या सुमारास मी तुमच्याकडे येऊन बसेन. तुमच्यासाठी चहा करेन. बोलावंसं वाटलं तर काकांचंच बोलू, नाहीतर नुसत्या बसू. एकटंच राहावंसं वाटलं तर दाराची कडी लावून घ्या, मी समजून जाईन.

तुमची,
समोरची वैशाली