प्रकरण ५, ‘अभ्यासाच्या मर्यादा’: फेरलेखन

परिचारिकांची रात्रपाळी आणि झोप यावरच्या तुझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण वाचून झालं. तक्ते स्वच्छ आहेत, विवेचन धीट आहे, आणि शेवटच्या परिच्छेदात तू ते सगळं स्वतःच्या हाताने मोडून टाकतेस. तुझा मूळ मजकूर आधी जसाच्या तसा देते, म्हणजे फेरलेखन त्याच्या शेजारी ठेवून वाचता येईल.

मूळ मसुदा:

“प्रस्तुत अभ्यासाला अनेक मर्यादा आहेत. नमुना लहान असून तो एकाच रुग्णालयातील आहे. तो यादृच्छिक पद्धतीने निवडलेला नाही. अनेक परिचारिकांनी प्रश्नावली भरून दिली नाही. माहिती सहभागींनी स्वतः सांगितलेली असल्याने ती विश्वासार्ह नसू शकते. अभ्यास क्रॉस-सेक्शनल असल्याने त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. त्यामुळे या निष्कर्षांकडे अत्यंत सावधपणे पाहावे व मोठ्या नमुन्यावर पुढील संशोधन व्हावे.”

यातली दोन विधानं चुकीची आहेत. प्रश्नावली तू रुग्णालयातल्या सगळ्या ३४० परिचारिकांना दिलीस. नमुना निवडलाच नाहीस, मग तो यादृच्छिक नसल्याची कबुली कशासाठी? दुसरं, क्रॉस-सेक्शनल रचनेतून कार्यकारणभाव ठरत नाही, पण दोन गटांतला फरक दिसतोच, आणि तुझा मुख्य निष्कर्ष तोच आहे. सर्वात गंभीर उणीव मात्र या परिच्छेदात नाही. ती मी खाली दुसऱ्या परिच्छेदात घातली आहे.

फेरलेखन:

५.६ अभ्यासाच्या मर्यादा

या अभ्यासात कामाची पाळी आणि झोपेची गुणवत्ता यांची माहिती एकाच वेळी घेतली. त्यामुळे फिरत्या रात्रपाळीतील परिचारिकांमध्ये निकृष्ट झोपेचे प्रमाण (११८ पैकी ७९, ६७ टक्के) केवळ दिवसपाळीतील परिचारिकांपेक्षा (९४ पैकी ३९, ४१ टक्के) अधिक आढळले, एवढे म्हणता येते. रात्रपाळीमुळे झोप बिघडली, हे या रचनेतून सिद्ध होत नाही. ड्यूटी वॉर्डच्या इन-चार्ज लावतात, त्यामुळे मुळातच झोप कमी असणाऱ्यांनी रात्रपाळी मागून घेतली असण्याची शक्यता कमी वाटते. मात्र झोपेच्या तक्रारीमुळे दिवसपाळी मिळवलेल्या काही परिचारिका दिवसपाळीच्या गटात मोजल्या गेल्या असू शकतात. तसे असल्यास येथे दिसलेला फरक प्रत्यक्षापेक्षा कमी आहे. अशा बदल्यांची नोंद घेतलेली नसल्याने तो किती कमी आहे हे सांगता येत नाही.

मापनाची मर्यादा याहून महत्त्वाची आहे आणि ती मुख्य निष्कर्षाला अनुकूल दिशेने काम करते. वापरलेला पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स गेल्या महिन्यातील झोपेविषयी विचारतो आणि त्यातील अनेक प्रश्न रात्रीची झोप गृहीत धरतात. ज्यांच्या झोपेची वेळ पाळीप्रमाणे बदलते त्यांना ‘साधारणपणे किती वाजता झोपता’ या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. परिणामी फिरत्या पाळीच्या गटाचा गुणांक काही प्रमाणात केवळ प्रश्नांच्या रचनेमुळे वाढलेला असू शकतो. हे तपासण्यासाठी झोपेच्या वेळेवर अवलंबून नसलेला एक प्रश्न, म्हणजे झोपेच्या एकूण गुणवत्तेविषयीचे स्वतःचे मत, स्वतंत्रपणे पाहिला. त्यात फिरत्या पाळीतील ११८ पैकी ४४ (३७ टक्के) आणि दिवसपाळीतील ९४ पैकी २० (२१ टक्के) परिचारिकांनी झोप वाईट किंवा फार वाईट असल्याचे सांगितले. फरकाची दिशा तीच राहते, आकार कमी होतो. म्हणून मूळ आकड्यांवरून काढलेला २५ टक्के-बिंदूंचा मुख्य फरक (९५ टक्के विश्वासांतराल १२ ते ३९) हा वरच्या बाजूचा अंदाज मानावा. झोपेचे यंत्राद्वारे मापन केलेले नाही. झोपेच्या प्रत्यक्ष तासांविषयी या अभ्यासाचा कोणताही दावा नाही.

३४० पैकी २१२ परिचारिकांनी (६२ टक्के) प्रश्नावली भरून दिली. ड्यूटी लिस्टशी ताडून पाहता प्रतिसादाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते: फिरत्या पाळीत १९० पैकी ११८, दिवसपाळीत १५० पैकी ९४. प्रतिसाद न देणाऱ्यांच्या झोपेविषयी माहिती नाही. त्यांच्यामुळे फरक पूर्णपणे नाहीसा व्हायचा असेल, तर त्यांच्यात चित्र जवळपास उलटे असावे लागेल. उदाहरणार्थ, फिरत्या पाळीतील उरलेल्या ७२ पैकी ३० जणींची आणि दिवसपाळीतील उरलेल्या ५६ पैकी ४७ जणींची झोप निकृष्ट असावी लागेल. हे अशक्य नाही, पण त्यासाठी वेगळे कारण सापडावे लागेल.

चहा-कॉफीचे सेवन आणि घरातील लहान मुले किंवा आजारी व्यक्तींची देखभाल यांविषयी विचारलेले नाही. या बाबी दोन गटांत वेगळ्या असतील तर फरक कोणत्या दिशेने बदलेल, हे उपलब्ध माहितीवरून ठरवता येत नाही. अभ्यास एका रुग्णालयापुरता आहे आणि तेथे पाळी दर आठवड्याला बदलते; पाळ्यांची पद्धत वेगळी असेल तेथे ही टक्केवारी लागू करू नये.

आता थोडं मी काय केलं त्याबद्दल.

प्रश्नावलीतल्या रात्रीच्या गृहीतकाचा मुद्दा तू का टाळलास ते मला कळतं. तो एकच मुद्दा असा आहे की जो तुझा फरक फुगवू शकतो. बाकीच्या उणिवा एक तर फरक कमी करतात, नाहीतर त्यांची दिशा सांगता येत नाही. पण पाळीवाल्यांच्या झोपेवर काम केलेला परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि उत्तर तुझ्याच परिशिष्टात पडून आहे! एकूण मताच्या प्रश्नाचा तक्ता तू कधीच काढला होतास. तिथलं विश्वासांतराल ४ ते २८ येतं. लहान आहे, पण शून्याच्या वरच आहे. हे परीक्षकाने शोधून काढण्यापेक्षा तू आधी लिहिलेलं कितीतरी बरं.

प्रतिसादाच्या परिच्छेदातला ७२ आणि ५६ चा हिशोब तू स्वतः करून बघ. ३० आणि ४७ धरले की दोन्ही गट ५७ टक्क्यांवर येतात. “अनेकांनी प्रश्नावली भरली नाही” एवढं वाचून वाचक मनात काहीही कल्पना करतो. आकडे दिले की त्या शंकेला किती बळ आहे ते त्याला स्वतःला तपासता येतं.

चहा-कॉफी आणि देखभालीच्या परिच्छेदात मी बचाव केलेला नाही, कारण बचाव नाहीच. तिथे “तरीही निष्कर्ष भक्कम आहेत” असं काही जोडू नकोस. ‘माहिती विश्वासार्ह नसू शकते’ हे वाक्यही गेलं: झोप कशी वाटते हे ज्याचं त्यालाच विचारावं लागतं, आणि तुझा प्रश्न तोच होता. ‘अत्यंत सावधपणे पाहावे’ काढलं, कारण कशाकडे किती सावधपणे पाहायचं ते आता प्रत्येक परिच्छेदात लिहिलेलं आहे.

या बदलामुळे दोन जागा दुरुस्त कराव्या लागतील. सारांशात ‘रात्रपाळीमुळे झोपेची गुणवत्ता खालावते’ असं आहे, तिथे ‘फिरत्या रात्रपाळीतील परिचारिकांमध्ये निकृष्ट झोपेचे प्रमाण अधिक आढळले’ असं कर. सहाव्या प्रकरणातल्या शिफारशीत ‘सिद्ध झाल्याने’ आहे, ते काढ आणि २५ टक्के-बिंदूंच्या शेजारी विश्वासांतराल लिही. पुढच्या संशोधनाचं वाक्यही मोघम ठेवू नकोस: रात्रपाळी सोडणाऱ्यांची नोंद ठेवून त्याच परिचारिकांना काही महिन्यांनी पुन्हा विचारायचं, असं थेट लिही. ही पानं दुरुस्त झाली की मला पाठव, प्रकरण सहा मी त्यानंतरच हातात घेईन.